कोपर वाकलेल्या प्लास्टरवर कुर्ता: बाही मोठी करायची की उघडायची?

प्रश्न: आईच्या (वय ५६) उजव्या हाताला दंडापासून पंजापर्यंत प्लास्टर आहे, कोपर वाकलेलं, हात झोळीत. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलेत. ती शिक्षिका आहे, ठाण्याहून लोकलने ऐरोलीला जाते आणि पुढच्या सोमवारपासून शाळेत जायचंच म्हणते. एकाही कुर्त्यात हात जात नाही. दोन मापं मोठा कुर्ता आणला तर बाही कोपरावर अडकली आणि गळा खांद्यावरून घसरायला लागला. बाही मोठी करून घ्यावी की कडेने उघडी ठेवावी? घरी मशीन आहे, मला सरळ शिलाई येते.

उत्तर:

बाही उघडा, आणि कडेने नको, वरून उघडा. म्हणजे गळ्यापासून खांद्याच्या शिवणीवरून सरळ बाहीच्या मधोमध खाली. तुम्हाला सरळ शिलाई येते, एवढ्यावर हे काम होतं. पण आधी दोन मापं मोठा कुर्ता का फसला ते सांगते, कारण बहुतेक जण पहिल्यांदा तोच आणतात.

तयार कपड्यात एक माप वाढलं की छातीला साधारण दोन इंच वाढतात, पण बाहीच्या घेरात जेमतेम अर्धा इंच. म्हणजे दोन मापं मोठा कुर्ता घेतला तर बाहीत तुम्हाला इंचभर जागा मिळाली आणि छातीत चार इंच. ते चार इंच कुठेतरी जाणारच. गळा रुंद होतो, खांदा उतरतो, आणि झोळीचा पट्टा त्याला आणखी ओढतो. वर्गात फळ्याकडे वळताना सारखा गळा सावरायचा, तोही एकाच हाताने, ही आईंची रोजची कटकट होईल. कुर्ता त्यांच्या नेहमीच्या मापाचाच ठेवा, फक्त उजव्या बाजूचं काय ते बदलू.

नौपाड्यात माझं शिवणाचं दुकान आहे, २७ वर्षं झाली. जवळच हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना असल्यामुळे प्लास्टरवाले लोक अगदी सुरुवातीपासून माझ्याकडे येत आले. त्यातून मला कळलेली मुख्य गोष्ट ही, की मनगटाचं आखूड प्लास्टर आणि दंडापर्यंतचं प्लास्टर यांना एकच उपाय चालत नाही. आखूड प्लास्टरमध्ये कोपर मोकळं असतं. हात सरळ होतो, बाही नळीसारखी वर सरकते, त्यामुळे थोडी रुंद बाही पुरते. दंडापर्यंतच्या प्लास्टरमध्ये कोपर काटकोनात बांधलेलं असतं आणि बाहीला ते वळण घ्यावं लागतं. बाही कोपराच्या वरच संपणारी असली, तरी घालताना तिला पंजावरून आणि कोपरावरूनच जायचं असतं. तुमची बाही तिथेच अडकली.

आता मापं घेऊ. आईंना खुर्चीत बसवा, हात उशीवर टेकवा, झोळी तशीच राहू द्या. तीन मापं लागतील. दंडाच्या भागात प्लास्टरचा सगळ्यात जाड घेर, कोपराचा तिरका घेर (टेप कोपराच्या टोकावरून आणि आतल्या वळणावरून फिरवायची), आणि खांद्याच्या टोकापासून बाही जिथे संपायला हवी तिथपर्यंतची लांबी. टेप प्लास्टरवर सैल टेकवा, हात उचलायला लावू नका.

तुमच्या आईंच्याच वयाच्या एका बाईंसाठी मागच्या पावसाळ्यात काम केलं, त्यांचे आकडे माझ्या वहीत आहेत. दंडावर १५ इंच, कोपरावर तिरका घेर १८ इंच, बाहीची लांबी १० इंच. त्यांच्या कुर्त्याची बाही घेराला १३ इंच होती. बाही न उघडता मोठी करायची म्हटली, तर कोपरावरून जायला १८ आणि वर तीन इंच मोकळीक, म्हणजे २१ इंच हवेत. आठ इंच कमी पडतात. शिवाय २१ इंचांची बाही १७ इंचांच्या मुंढ्यात बसत नाही, म्हणजे मुंढाही मोठा करावा लागणार. एवढं करून बगलेत कापडाचा बोळा होतो, आणि तो नेमका प्लास्टरच्या वरच्या काठाशी, जिथे कातडी आधीच घासलेली असते.

तीच बाही उघडली, तर कोपराचा प्रश्नच उरत नाही. कापड फक्त दंडाभोवती गुंडाळायचं असतं. १५ इंच प्लास्टर, दोन इंच मोकळीक, दीड इंच एकावर एक चढायला, मिळून साडेअठरा. बाहीत आहेत १३, त्यातला अर्धा इंच कापलेल्या दोन कडांना पट्ट्या जोडण्यात जातो. उरले साडेबारा, म्हणजे सहा इंच भरून काढायचे. ते मी असे वाटते: मागच्या कडेला चार इंचांची पट्टी, पुढच्या कडेला दोन इंचांची. शिवणीची आणि दुमडीची माया धरून कापताना पाच आणि तीन इंचांच्या घ्यायच्या. आईंची मापं वेगळी आली तर दंडाचा आकडा बदला, हिशोब हाच.

कडेने का नको, तेही सांगते. कुर्त्याच्या बाहीखालची शिवण आणि बगलेखालची शिवण ही एकच सलग रेघ असते, बाहीच्या टोकापासून कमरेच्या कटापर्यंत. ती उसवली की सगळी बाजू मोकळी होते, एकही कापड कापावं लागत नाही, आणि नंतर पुन्हा तशीच शिवता येते. म्हणून बहुतेक शिंपी तेच सुचवतात, मीही सुरुवातीला तेच करायचे. एका मुलीला मी तशी बाजू उसवून चेन लावून दिली होती. चार दिवसांनी ती बगलेत फोड घेऊन आली. चेनचा वरचा तुकडा प्लास्टरचा काठ आणि कातडी यांच्यामध्ये येत होता आणि दर हालचालीला घासत होता. शिवाय ती चेन तिला स्वतःला एकदाही लावता आली नव्हती, कारण बगलेखाली बघताही येत नाही आणि दुसरा हातही नीट पोचत नाही. चूक माझी होती. तेव्हापासून दंडापर्यंतचं प्लास्टर असेल तर बगलेतली शिवण मी शाबूत ठेवते.

वरून उघडलेली बाही डोळ्यांना दिसते, डाव्या हाताला पोचते, आणि खांद्यावर कातडी घासत नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाला झबलं घालतो, ते डोक्यातून कोंबत नाही, उघडं पसरून मग बंद बांधतो. बाराबंदीही तशीच, अंगाभोवती घ्यायची आणि बांधायची. हात हलवता न येणाऱ्या माणसाला कपडा घालण्याची युक्ती त्या कपड्यांत आधीपासून आहे.

आता प्रत्यक्ष काम. पहिला प्रयोग जुन्या सुती कुर्त्यावर करा, कॉलर नसलेल्या, पुढून साध्या गळ्याच्या. उजव्या खांद्याची शिवण गळ्यापासून मुंढ्यापर्यंत उसवा. मग बाही मधोमध दुमडून वरच्या घडीवर खडूने रेघ ओढा आणि त्या रेघेवर मुंढ्यापासून टोकापर्यंत कापा. मुंढ्याच्या शिवणीला कात्री लावण्याआधी दोन्ही बाजूंना दोन-तीन उलटसुलट टाके मारून घ्या, नाहीतर मुंढा पूर्ण उसवत जाईल. पट्ट्या त्याच रंगाच्या मऊ सुती कापडाच्या घ्या. जुनी ओढणी किंवा अस्तराचं कॅम्ब्रिक उत्तम. बाहीवर पट्टी पूर्ण रुंदीची ठेवा आणि खांद्याच्या टोकापासून गळ्याकडे निमुळती करत न्या, गळ्यापाशी इंचभर उरली तरी पुरे, कारण खांद्यावर जाडी वाढलेली नाही. पुढची पट्टी वर, मागची खाली. असं केलं की उघडी बाजू थोडी मागे जाते, समोरून कुर्ता अगदी नेहमीसारखा दिसतो, आणि आईंना पुढून मागे हात फिरवला की बंद करता येतं.

बंद कशाने करायचं, यावर माझं मत पक्कं आहे: वेलक्रो, पण सलग पट्टी नाही. सलग लावला तर खांदा पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि एक टोक वाकडं चिकटलं की सगळंच वाकडं जातं. इंचभर रुंदीच्या वेलक्रोचे दोन-दोन इंचांचे पाच तुकडे करा. दोन खांद्यावर, तीन बाहीवर. पहिला तुकडा गळ्यापासून दोन इंच सोडून लावा, म्हणजे झोळीचा पट्टा त्याच्यावर दाबला जाणार नाही. काटेरी बाजू खालच्या, म्हणजे मागच्या पट्टीवर, बाहेर तोंड करून शिवायची. मऊ बाजू वरच्या पट्टीला आतून, आणि ती काटेरीपेक्षा चारी बाजूंनी थोडी मोठी कापायची, म्हणजे काटे पूर्ण झाकले जातात. याच्या उलट केलं तर काटेरी बाजू आत अंगाकडे येते आणि जरा सुटली की क्रेप बँडेजमध्ये रुतते. एका आजोबांचं बँडेज मी अशा चुकीने दोऱ्यादोऱ्यांनी ओढून काढलेलं आहे, त्यांना दवाखान्यात जाऊन पुन्हा बांधून घ्यावं लागलं.

नाड्या दिसायला छान, पण एका हाताने गाठ मारता येत नाही, आणि ठाणे लोकलच्या दारात लोंबती नाडी कुणाच्या पर्सच्या पट्ट्यात अडकली तर ओढ थेट दुखऱ्या हाताला बसते. टिचबटण एका हाताने दाबायला खाली कडक आधार लागतो, तो आधार प्लास्टरचा नको. धातूचं म्हणून एक्स-रे काढताना खांदा किंवा दंड चित्रात येणार असेल तर कपडाच काढायला सांगतात. सेफ्टी पिन तर अजिबात नको. प्लास्टरच्या वरच्या काठापाशी पिन किंवा सुटं बटण निसटलं तर ते आत जातं, आणि ते काढायला घरी काही खुपसायचं नसतं, सरळ डॉक्टरांकडे जावं लागतं.

घालण्याचा क्रम आईंना आधी घरी दोनदा करून दाखवा. दुखरा हात आधी आत, आणि काढताना सगळ्यात शेवटी बाहेर. सगळे वेलक्रो सोडून कुर्ता खालून वर गोळा करायचा, त्याचा घेर तुम्ही दोन्ही हातांनी मोकळा धरायचा. झोळी काढून आईंनी हात स्वतःच्या डाव्या हाताने पोटाशी धरायचा. आधी प्लास्टरचा पंजा, मग कोपर घेरातून वर घ्यायचं, कापड हाताकडे न्यायचं, हात कापडाकडे नाही. बगलेपर्यंत कापड आलं की डोकं, मग डावा हात त्याच्या बाहीत. कुर्ता खाली ओढा, उजवी बाही दंडाभोवती गुंडाळा, खांद्यापासून खाली एकेक वेलक्रो लावा आणि मग झोळी कपड्यावरून. कुर्त्याचा घेर अंगासरशी असेल तर कोपर आत जाणार नाही. अशा वेळी कमरेचे कट तीन-चार इंच वरपर्यंत उसवा, तेवढ्याने होतं. तेवढ्यानेही झालं नाही तर तो कुर्ता बाजूला ठेवा आणि पुढून पूर्ण उघडणारा घ्या.

एक मर्यादा नीट लक्षात ठेवा. हे सगळं दंडापर्यंतच्या प्लास्टरसाठी आहे, ज्यात खांदा थोडा हलवायला हरकत नसते. खांद्याचं किंवा दंडाचं हाड मोडलेलं असेल, हात छातीला बांधलेला असेल, तर हात अंगापासून दूर करायचा की नाही हे डॉक्टरच सांगतील. तिथे कपडा हातावरून झाकायचा असतो, हात बाहीत घालायचाच नसतो.

प्लास्टर नवं आहे म्हणून दोन गोष्टी. पांढरं, जिप्समचं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात जास्तही. तोवर त्यावर जाड कापड नको, ओल आत कोंडते. आणि पहिले दोन-तीन दिवस सूज वाढू शकते, म्हणून बाहीची मोकळीक दोन इंचांपेक्षा कमी करू नका. कापड घट्ट बसतंय का हे कापडावरून ओळखत बसू नका, बोटांवरून ओळखा. बोटं नेहमी उघडी दिसली पाहिजेत. ती सुजली, थंड किंवा निळसर पडली, मुंग्या आल्या, किंवा बोटं सरळ करताना दुखणं वाढत चाललं, तर बाही सोडून बघा आणि वाट न पाहता दवाखाना गाठा, कारण तेव्हा घट्ट झालेलं बहुधा प्लास्टर असतं, बाही नाही.

प्लास्टर फायबरचं असेल तर ते लवकर वाळतं, पण त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो. सुती कुर्त्याला बोंडं येतात, सिल्क तर एका दिवसात ओढलं जातं. जुन्या होजिअरी टी-शर्टची बाही कापून दंडावर सैल चढवा, ती वर आणि खाली दुमडली की कापडही वाचतं आणि काठाची कातडीही. कोपरावरून ताणून चढणार नसेल तर तिलाही एक उभा छेद द्या आणि दोन सैल टाक्यांनी बंद करा. मलमलचा कुर्ता हलका म्हणून लोक निवडतात, पण फायबरवर तो टिकत नाही. कॅम्ब्रिक घ्या.

पावसाचं काय? ठाण्याहून ऐरोली दोनच स्थानकं, मध्ये दिघा गाव, पण दोन्हीकडे उतरून चालायचं आहे. बाह्यांचा रेनकोट या हातावर चढत नाही. डोक्यातून घालायचा पोंचो घ्या, त्यात झोळीसकट हात झाकला जातो. प्लास्टिकची पिशवी हातावर बांधली तर शाळेत पोचल्याबरोबर काढा, आत घाम साचला की प्लास्टर तितकंच भिजतं. कुर्ते तीन तरी करा. जुलैत आपल्याकडे सुती कपडा दोन दिवस वाळत नाही, आणि दमट कपडा प्लास्टरवर घालायचा नाही. धुताना वेलक्रो बंद करून टाका, नाहीतर काट्यांत सगळे धागे अडकतात आणि आठवड्यात तो चिकटेनासा होतो.

खालच्या कपड्याचा विसर पडू देऊ नका. शाळेत स्वच्छतागृहात एका हाताने नाडी सोडणं आणि बांधणं जमत नाही. सलवारीची नाडी काढून रुंद इलॅस्टिक घाला, कमरेच्या मापापेक्षा तीन-चार इंच कमी.

तीन-चार आठवड्यांनी डॉक्टर बऱ्याचदा लांब प्लास्टर काढून मनगटाचं आखूड घालतात. तेव्हा बाही कापून छोटी करण्याची घाई नको. मागची चार इंची पट्टी आहेच, वेलक्रोचा मऊ तुकडा उसवून पुढे सरकवा, बाही आपोआप अरुंद होईल. पूर्ण प्लास्टर निघालं तरी कोपर ताठ असतं, लगेच सरळ होत नाही, म्हणून आणखी दोन आठवडे हेच कुर्ते घालू द्या. मग पट्ट्या काढा, खांद्याची शिवण पूर्वीच्याच रेघेवर घाला, आणि बाहीवरची कापलेली रेघ पाव इंचावर जोडा. तिथे शिवण दिसेल, त्यावर बारीक लेस किंवा पायपिन घातली की शोभेची वाटते. दुसऱ्या बाहीलाही तशीच घाला, म्हणजे दोन्ही सारख्या होतील.